५१ किलोच्या जागी ७६.७ का दिसतं: दोन बोर्ड, दोन क्रिस्टल आणि मधला हँडशेक

प्रश्न: सर, कुपवाडला आम्ही हळदीच्या पोत्यांसाठी इलेक्ट्रॉनिक काटा बनवतोय. लोडसेलच्या बोर्डवर १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे, डिस्प्ले आणि प्रिंटरच्या बोर्डवर ८ चा. मध्ये आठ डेटा वायर, हाय बाइट की लो बाइट ते सांगणारी एक वायर आणि एक स्ट्रोब. वजन १०० ग्रॅमच्या एककात, दोन बाइटमध्ये, सेकंदाला दहा वेळा जातं, आधी लो बाइट मग हाय. स्ट्रोब २०० मायक्रोसेकंद वर ठेवतो. एरवी ठीक चालतं, पण ५१ किलोच्या आसपास मध्येच ७६.७ किंवा २५.६ चमकून जातं. दोनदा पावतीवरही छापलं गेलं. दोन्ही बोर्डांना एकच क्लॉक द्यावा का? की रिक्वेस्ट-ॲक लावावं, आणि लावलं तर दोन फेजचं की चार फेजचं? पुढे शेतकऱ्याच्या बाजूला दुसरा डिस्प्लेही लावायचा आहे.

उत्तर:

क्लॉकची वायर ओढू नका. चार फेजचा हँडशेक लावा. तुमचे दोन चुकीचे आकडे मला फार आवडले, कारण दोष कुठे आहे ते त्यांनीच सांगून टाकलंय.

५१.१ किलो म्हणजे ५११. दोन बाइटमध्ये ते हाय १ आणि लो २५५ असं बसतं. ५१.२ म्हणजे ५१२, हाय २ आणि लो ०. आता हाय नवीन आणि लो जुना धरा: २ × २५६ + २५५ = ७६७. हे तुमचे ७६.७. उलट, हाय जुना आणि लो नवीन: १ × २५६ + ० = २५६, म्हणजे २५.६. नॉइज असता तर आकडे कसेही आले असते. इथे नेमके हेच दोन येतात, म्हणजे प्रत्येक बाइट शाबूत पोचतोय, फक्त दोनपैकी एक मधूनच पोचत नाही आणि त्याच्या जागी आधीचा राहतो. २५.५ आणि २५.६ च्या सीमेवरही तुमच्याकडे असंच होत असणार, तिथे ५१.१ किंवा शून्य दिसेल. हळदीचं पोतं त्या वजनाचं नसतं म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

बाइट पोचत नाही कारण स्ट्रोब वर असतो तेव्हा डिस्प्लेचा बोर्ड दुसरीकडे अडकलेला असतो. प्रिंटर ९६०० बॉडवर असेल तर एक अक्षर पाठवायला दहा बिट, म्हणजे साधारण एक मिलिसेकंद लागतो. तुमचा कोड ते अक्षर जाईपर्यंत थांबत असेल, तर २०० मायक्रोसेकंदांचा स्ट्रोब त्याच्या पाठीमागे येऊन निघूनही जातो. पावतीचं डोकं छापताना बाइट चुकला आणि लगेच वजनाची ओळ छापली, की ७६.७ कागदावर. एकच क्लॉक दिला असता तरी तो बोर्ड त्या अक्षरात अडकलाच असता. दोन क्रिस्टल वेगळे असणं हा मूळ आजार नाही. पाठवणाऱ्याला घेणाऱ्याची अवस्था कळत नाही, हा आहे.

स्ट्रोब ५ मिलिसेकंद केला तर? बरेच लोक हेच करतात आणि पुढच्या वर्षी प्रिंटर बदलला की पुन्हा फोन करतात.

आता चार फेज. मार्केट यार्डात तोलणारा “बावन्न” म्हणतो, आणि दिवाणजी वहीत लिहून उलट “बावन्न” म्हणत नाही तोवर हमाल पोत्याला हात लावत नाहीत. पोतं उतरलं, काटा शून्यावर आला, की पुढचं. दिवाणजीला चहा घ्यायला वेळ लागला तर सगळे थांबतात, पण नोंद चुकत नाही. वायरवर तेच घडतं. पाठवणारा डेटा लावतो आणि रिक्वेस्ट वर करतो. घेणारा सवडीने डेटा उचलतो आणि ॲक वर करतो. पाठवणारा रिक्वेस्ट खाली आणतो. ते पाहून घेणारा ॲक खाली आणतो. दोन्ही वायरी पुन्हा शून्यावर.

यात वायरी वरखाली होण्यापेक्षा डेटावर हात कुणाचा हे जास्त पाहा. रिक्वेस्ट वर गेल्यापासून ॲक वर येईपर्यंत पाठवणाऱ्याने डेटाला हात लावायचा नाही. ॲक वर आल्यावर घेणाऱ्याने पुन्हा डेटाकडे पाहायचं नाही, जे हवं ते त्याआधीच उचललेलं असलं पाहिजे. माझ्याकडे आलेल्या बोर्डांमध्ये चुकीचे हँडशेक बहुतेक इथेच चुकलेले असतात: ॲक आधी वर केला आणि मग डेटा वाचला. टेबलावर चालतं, कारण पाठवणारा थोडा हळू असतो. तो वेगवान झाला की मोडतं.

पाठवणाऱ्याचा कोड एवढाच:

```c
bool send_byte(uint8_t b, bool hi)
{
    if (!wait_ack(0)) return false;
    SET_DATA(b, hi);
    _delay_us(30);
    REQ_HIGH();
    bool ok = wait_ack(1);
    REQ_LOW();
    return wait_ack(0) && ok;
}
```

`wait_ack` ठरावीक वेळ वाट पाहून हात टेकतं. त्या वेळेवर पुढे येतो. घेणारा असा:

```c
if (state == IDLE && REQ_IS_HIGH()) {
    store(READ_DATA(), HI_PIN());
    ACK_HIGH();
    state = TAKEN;
}
if (state == TAKEN && !REQ_IS_HIGH()) {
    ACK_LOW();
    state = IDLE;
}
```

घेणाऱ्याच्या बाजूला मी मुद्दाम `while` घातलेला नाही. हा तुकडा मुख्य लूपमधून पुन्हापुन्हा जातो, त्यामुळे समोरचा बोर्ड बंद पडला तरी डिस्प्लेचे आकडे पेटते राहतात. वेळेचं गणितही सोपं आहे. प्रिंटरमुळे घेणारा प्रत्येक टप्प्याला दीड-दोन मिलिसेकंद थांबला तरी एक बाइट चारेक मिलिसेकंदांत जातो, अख्खं वजन आठ-दहात. तुमच्याकडे शंभर आहेत.

कोडमधल्या त्या ३० मायक्रोसेकंदांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात माझे स्वतःचे दोन आठवडे गेलेत. रिक्वेस्ट एकटी प्रवास करत नाही. आठ डेटा वायरी आणि तुमची हाय-लोची नववी वायर, या सगळ्या तिच्या आधी पोचून स्थिर झालेल्या असल्या पाहिजेत. याला बंडल्ड डेटा म्हणतात: गठ्ठ्यातली प्रत्येक वायर आधी, रिक्वेस्ट शेवटी. कोडमध्ये आधी डेटा लिहिला म्हणून तो तिकडे आधी पोचतोच असं नाही.

माझ्या एका काट्याशेजारी वेल्डिंगचं मशीन होतं. नॉइज नको म्हणून मी डेटाच्या प्रत्येक वायरवर १ किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर घातला. रिक्वेस्टवर घातला नाही, म्हटलं ती झटकन पोचू दे. डेटा लावल्यावर रिक्वेस्टपूर्वी मी १० मायक्रोसेकंद थांबत होतो. आता हिशेब पाहा. १००० ओहम गुणिले १० नॅनोफॅरड म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट. माझ्या कंट्रोलरची पिन सप्लायच्या ६० टक्क्यांवर नक्की ‘एक’ मानते, आणि तिथवर चढायला ०.९२ पट, म्हणजे ९.२ मायक्रोसेकंद लागतात. कपॅसिटर २० टक्के मोठा निघाला की ११. म्हणजे आठांपैकी ज्या एक-दोन वायरींना जाडा कपॅसिटर लागला होता, त्या रिक्वेस्टच्या मागून पोचत होत्या.

ओळखायचं कसं? वजन स्थिर असताना सगळं बरोबर आणि बदलताना चूक. चुकलेला बिट नेहमी आधीच्या बाइटमधला असतो आणि नेहमी त्याच एक-दोन वायरींचा. हे दिसलं की हँडशेकच्या कोडमध्ये शोधत बसू नका, स्कोपचा एक प्रोब रिक्वेस्टवर आणि दुसरा त्या वायरवर, दोन्ही घेणाऱ्याच्या पिनपाशी लावा. पाठवणाऱ्याच्या पिनपाशी लावाल तर सगळं छानच दिसेल, मी पहिला आठवडा तेच बघत होतो. उपाय असा की फिल्टर घालायचा तर रिक्वेस्टवरही तोच घाला, आणि थांबायची वेळ टाइम कॉन्स्टंटच्या तिप्पट ठेवा. म्हणून ३०. फिल्टर नसेल तर दोन-तीन मायक्रोसेकंद पुष्कळ झाले. अशा संथ चढणाऱ्या सिग्नलसाठी इनपुट श्मिट ट्रिगरचं असावं लागतं. तुमच्या कंट्रोलरच्या पिनांना ते असेल, पण मध्ये साधं लॉजिक गेट घातलंत तर तेही तसंच बघून घ्या.

हँडशेक बसल्यावर ७६.७ जाईल. कदाचित पुन्हा दिसेल! घाबरू नका, आता कारण दुसरं असेल. पाठवणारा ॲकची वाट पाहत असताना एडीसीचा इंटरप्ट येतो आणि वजनाचं व्हेरिएबल बदलतो. लो बाइट जुन्या वजनाचा गेला, हाय नव्याचा जातो. हँडशेकने एकेक बाइट सांभाळला, अख्ख्या वजनाची हमी त्याने दिलेलीच नव्हती. दोन्ही कारणं वेगळी ओळखता येतात: स्ट्रोब चुकत होता तेव्हा वजन चढो की उतरो, दोन्ही आकडे यायचे. या दुसऱ्या दोषात, लो आधी जात असल्यामुळे, चढताना फक्त ७६.७ आणि उतरताना फक्त २५.६ येतं. पाठवण्याआधी इंटरप्ट क्षणभर बंद करून वजनाची प्रत घ्या आणि दोन्ही बाइट त्या प्रतीतून पाठवा. घेणाऱ्यानेही लो बाइट बाजूला ठेवून त्यामागून हाय आल्यावरच नवीन वजन दाखवावं, आधी लो न येता आलेला हाय सोडून द्यावा.

दोन फेजचं का नको, ते आता सांगतो. त्यात वर-खाली याला अर्थ नसतो, बदलाला असतो. रिक्वेस्ट पलटली म्हणजे नवीन डेटा, ॲक पलटला म्हणजे घेतला. चारऐवजी दोनच उड्या, म्हणून वायर लांब असेल किंवा वेग हवा असेल तिथे ते भारी पडतं. आयव्हन सदरलंड यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या क्लॉकविना पाइपलाइनी याच पद्धतीवर चालतात. पण काट्याच्या खोलीत लाइट जाते-येते. समजा रिक्वेस्ट वर असताना फक्त लोडसेलचा बोर्ड रीसेट झाला. तो उठतो आणि रिक्वेस्ट शून्यावर आणतो. घेणाऱ्याला ती उडी दिसते आणि तो कुणी न पाठवलेला बाइट इमानेइतबारे उचलतो. तिथून पुढे कोण किती पुढे आहे याचा ताळमेळ राहत नाही. चार फेजमध्ये दोन्ही वायरी शून्यावर म्हणजे निवांत, हे कुणालाही मागचं आठवल्याशिवाय कळतं. सेकंदाला दहा वजनांसाठी वेग वाचवून तुम्ही काय करणार आहात?

फक्त रिक्वेस्ट आणि ॲक दोन्हींवर, ती वायर ज्या टोकाला वाचली जाते तिथे, १० किलोओहमचा पुल-डाउन लावा. रीसेटमध्ये कंट्रोलरच्या पिना इनपुट होतात, वायर लोंबकळते, आणि लोंबकळणारी रिक्वेस्ट बोटाच्या स्पर्शानेही वर जाते.

आता टाइमआउट. पाठवणारा किती थांबेल? घेणाऱ्याच्या सर्वांत लांब अडकण्यापेक्षा नक्की जास्त. तुमच्याकडे अक्षराचा एक मिलिसेकंद असेल तर मी ५० ठेवीन. कमी ठेवलात तर काय होतं ते पायरीपायरीने पाहा. घेणाऱ्याने रिक्वेस्ट वर पाहिली आणि डेटा वाचला, पण ॲक करण्याआधीच इंटरप्टमध्ये गेला. इकडे पाठवणारा कंटाळला, रिक्वेस्ट खाली आणली. ॲक अजून शून्यच आहे, म्हणून त्याने पुढचा डेटा लावून पुन्हा रिक्वेस्ट वर केली. तेवढ्यात घेणारा परत येतो आणि जुन्या बाइटसाठी ॲक वर करतो. पाठवणारा तो नव्याचा समजतो. नवा बाइट गेला, आणि दोन्ही बाजूंच्या मते सगळं यथासांग पार पडलं. म्हणून टाइमआउट झाल्यावर रिक्वेस्ट खाली आणून लगेच पुढे जाऊ नका. तेवढेच ५० मिलिसेकंद गप्प बसा, ॲक शून्य असल्याची खात्री करा, आणि वजन पुन्हा लो बाइटपासून पाठवा.

पुन्हा पाठवण्याची एक गोम आहे. घेणाऱ्याने बाइट घेतलेला असतो आणि ॲकच पाठवणाऱ्यापर्यंत वेळेत पोचत नाही. डिस्प्लेला तेच वजन दोनदा मिळालं तर काही बिघडत नाही. पण ‘पोतं झालं, बेरजेत धर’ असा निरोपही याच वायरींवरून जात असेल, तर एक पोतं दोनदा धरलं जाईल, आणि मग शेतकरी खूश, व्यापारी तुमच्या दारात. तुमचा काटा ३०० किलोचा धरला तर वजन ३००० पर्यंतच जातं, त्याला १२ बिट पुरतात. हाय बाइटचे वरचे चार बिट मोकळे आहेत. त्यातला सर्वांत वरचा दर पोत्याला एकदा पलटवा आणि पुन्हा पाठवताना तसाच ठेवा. घेणाऱ्याने मागच्या पोत्याचाच बिट पाहिला तर ॲक द्यायचा, बेरीज करायची नाही. लोडसेलचा बोर्ड रीसेट झाला तर हा बिटही विसरला जातो, म्हणून तो ईईप्रॉममध्ये जपा.

दुसऱ्या डिस्प्लेबद्दल. डेटा आणि रिक्वेस्ट दोघांना समांतर जाऊ द्या, पण दोन ॲक एका अँड गेटमधून आणू नका. दिसायला बरोबर वाटतं: दोघांनी घेतलं की एक. पण खाली येताना पहिल्याचा ॲक पडला की गेट लगेच शून्य होतं, दुसऱ्याने रिक्वेस्ट खाली गेलेली अजून पाहिलेलीही नसते. पाठवणारा पुढचा बाइट लावून रिक्वेस्ट वर करतो. दुसरा डिस्प्ले मधलं खाली जाणं चुकवतो, त्याचा ॲक मागच्याच बाइटचा वर आहे. पहिल्याने नवा घेतला की गेट पुन्हा एक होतं आणि दुसऱ्याचा बाइट हरवतो. पुन्हा ७६.७, आणि तेही फक्त शेतकऱ्याच्या बाजूला!

इथे असा घटक लागतो जो सगळे वर गेल्यावरच वर जातो, सगळे खाली आल्यावरच खाली येतो, आणि मध्ये आहे तसा राहतो. इलिनॉय विद्यापीठातल्या डेव्हिड मुलर यांच्या नावाने तो सी-एलिमेंट म्हणून ओळखला जातो. चिपच्या आत तो बनवतात. तुम्हाला बाजारात शोधायची गरज नाही, दोन ॲक दोन वेगळ्या पिनांवर घ्या आणि `wait_ack(1)` मध्ये दोन्ही एक, `wait_ack(0)` मध्ये दोन्ही शून्य होईपर्यंत थांबा. दुसरा डिस्प्ले कधी काढून ठेवणार असाल तर त्याची वाट पाहायची की नाही हे सेटिंगमध्ये ठेवा, नाहीतर तो नसताना काटाच थांबेल.

उद्या हेच एफपीजीएवर नेलंत तर एक काम वाढतं. कंट्रोलरच्या पिनांच्या आत सिंक्रोनायझर तयार मिळतो, एफपीजीएमध्ये तो तुम्हाला घालावा लागतो: समोरून येणाऱ्या रिक्वेस्टला आणि ॲकला, ती ज्या बाजूला पोचते त्या बाजूच्या क्लॉकवर, दोन फ्लिपफ्लॉप, एकामागे एक. पहिला फ्लॉप क्वचित शून्य आणि एकच्या मधे अडखळतो, त्याला सावरायला एक क्लॉक मिळावा म्हणून दुसरा. डेटाच्या आठ वायरींवर मात्र ते घालू नका. एखादा बिट एक क्लॉक मागे राहून तुम्ही वेगळाच घोळ विकत घ्याल, आणि रिक्वेस्ट सिंक्रोनाइझ होईपर्यंत डेटा स्थिर झालेलाच असतो.

सगळं जोडल्यावर काट्यावर पोती चढवून तपासू नका, आठवडाभर चढवलीत तरी दोष दिसेलच असं नाही. लोडसेलच्या बोर्डला खोटं वजन पाठवायला लावा, आळीपाळीने ५११ आणि ५१२. घेणाऱ्या कोडमध्ये ५११ आणि ५१२ सोडून काहीही आलं तर एक काउंटर वाढवा. मग डिस्प्लेच्या लूपमध्ये मुद्दाम २० मिलिसेकंदांचा उशीर घाला, प्रिंटर सतत चालू ठेवा, आणि तासभर चालू असताना अधूनमधून एकेक बोर्ड रीसेट करा, रिबनचा कनेक्टर काढून परत लावा. काउंटर शून्य राहिला तर उशीर ४५ मिलिसेकंद करून पाहा, मग ६०. साठाला टाइमआउट दिसायला लागतील, ते बरोबरच आहे, पण काउंटर तेव्हाही हलता कामा नये.